‘एक वर्ष आणि एक महिना’ की ‘तेरा महिने’? मुदतीची तारीख एका दिवसाने का बदलते

आमचे मुदत-नोंदणीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्राहकांकडून एक तक्रार नेमाने येते. दोन करार एकाच दिवशी, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाले. एकाची मुदत आधी एक वर्षाने आणि मग एक महिन्याने वाढवली, दुसऱ्यात थेट तेरा महिने भरले. पहिला २८ मार्च २०२५ दाखवतो, दुसरा २९ मार्च २०२५. हा सॉफ्टवेअरचा दोष समजून अनेक जण तारीख हाताने बदलतात आणि मग पुढची सगळी स्मरणपत्रे चुकतात. कृपया तसे करू नका.

वर्ष किंवा महिना मिळवताना दिवसाचा आकडा तोच ठेवायचा असतो. तो दिवस त्या महिन्यात नसेल, तर महिन्याचा शेवटचा दिवस धरला जातो. २९ फेब्रुवारी २०२४ मध्ये एक वर्ष मिळवले की २९ फेब्रुवारी २०२५ यायला हवी, पण ती तारीखच नाही. म्हणून २८ फेब्रुवारी येते. इथे ‘२९’ हा आकडा हरवला. पुढची पायरी २८ वरूनच सुरू होते आणि २८ मार्चला पोचते. तेरा महिने एकदम मिळवले, तर हिशेब थेट मार्च २०२५ वर जातो. मार्चला २९ तारीख असते, त्यामुळे काहीच कापावे लागत नाही.

एक्सेलमध्ये हे पडताळून पाहता येईल. A1 मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ भरा आणि उत्तराच्या सेलला तारखेचा फॉरमॅट द्या, नाहीतर पाच आकडी संख्या दिसेल.

```
=EDATE(A1,13)            29-03-2025
=EDATE(EDATE(A1,12),1)   28-03-2025
```

वर्ष आधी आणि महिना नंतर, या क्रमाने गेल्यास फरक फक्त २९ फेब्रुवारीपासून सुरू होणाऱ्या नोंदींत पडतो. क्रम उलटा केला, तर ही तारीख सुटते आणि दुसऱ्या अडकतात. ३१ जानेवारी २०२३ घ्या. एक महिन्याने २८ फेब्रुवारी २०२३, मग एक वर्षाने २८ फेब्रुवारी २०२४. थेट तेरा महिन्यांनी मात्र २९ फेब्रुवारी २०२४ येते, कारण ते लीप वर्ष आहे. लीप वर्षाच्या आदल्या वर्षी जानेवारीच्या २९, ३० आणि ३१ या तिन्ही तारखांना हेच होते. तेव्हा क्रम बदलणे हा उपाय नव्हे.

खरी चूक आहे ती आधीच्या उत्तरावर पुढची बेरीज करण्याची. उत्तर तारखेसारखेच दिसते, पण मूळ दिवस कोणता होता हे त्यात उरत नाही. दरमहा नूतनीकरण असलेल्यांना याचा फटका जास्त बसतो: ३१ जानेवारी २०२५ नंतर २८ फेब्रुवारी, आणि त्यावरून मोजल्यास २८ मार्च. ३१ तारीख पुन्हा कधीच येत नाही. म्हणून आमच्या नोंदीत ‘मूळ तारीख’ हा रकाना वेगळा आहे. तो रिकामा सोडू नका आणि त्यात शेवटच्या मुदतीची तारीखही भरू नका. एकूण महिने एका आकड्यात लिहा. प्रत्येक नूतनीकरणाला सॉफ्टवेअर पुन्हा मूळ तारखेपासूनच मोजते.

मग २८ मार्च दाखवणारी सोय आम्ही ठेवलीच कशाला? कारण कधीकधी तेच उत्तर बरोबर असते. करार एका वर्षाचा असेल आणि ते संपल्यावर वेगळी एक महिन्याची मुदतवाढ दिली असेल, तर तो महिना पहिल्या मुदतीच्या शेवटापासून मोजणे रास्त आहे. करारात सुरुवातीपासून तेरा महिने असतील, तर २९ मार्च. करारात काय लिहिले आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून ‘एकूण कालावधी’ आणि ‘मुदतवाढ’ हे दोन पर्याय आहेत. नोंद भरण्यापूर्वी करारातील ते वाक्य एकदा वाचा.

तारखा तुमच्या वेबसाइटच्या फॉर्ममधून येत असतील, तर तो बनवणाऱ्याला एक गोष्ट विचारा. काही पद्धती नसलेली तारीख मागे न आणता पुढे ढकलतात. जावास्क्रिप्टमध्ये `setFullYear` ने २९ फेब्रुवारी २०२४ चे वर्ष २०२५ केले, तर १ मार्च २०२५ मिळते आणि `setMonth` ने एक महिना पुढे गेल्यावर १ एप्रिल. म्हणजे तेरा महिन्यांच्या उत्तराशी तीन दिवसांचे अंतर. अशा वेळी शेवटची तारीख पाठवूच नका. मूळ तारीख आणि महिन्यांची संख्या पाठवा, बाकी हिशेब आमच्याकडे होईल.

जुन्या नोंदी तपासायच्या असल्यास यादीला मूळ तारखेचा फिल्टर लावून वर्ष आणि महिना वेगवेगळे मिळवलेल्या नोंदींत २९ फेब्रुवारी आणि २९ ते ३१ जानेवारी एवढ्याच ओळी पाहा. दरमहा नूतनीकरणाच्या नोंदींत मात्र कोणत्याही महिन्याच्या २९ ते ३१ या तारखा पाहा. बहुतेक याद्यांत त्या मोजक्याच निघतात. नोंदी खूप असतील, किंवा मूळ तारखेचा रकाना नसलेल्या जुन्या आवृत्तीतून त्या आणायच्या असतील, तर यादीची फाइल आमच्याकडे द्या. वार्षिक देखभाल करारात हे काम धरलेले आहे. फक्त सुरुवातीची तारीख मूळ करारावरून भरलेली असू द्या, कारण एकदा कापला गेलेला दिवस नुसत्या शेवटच्या तारखेवरून आम्हालाही शोधता येत नाही.