निवासी डॉक्टरांची दीर्घ ड्युटी, पोस्ट-ड्युटी ऑफ आणि साप्ताहिक तासांची मर्यादा

पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर सकाळी वॉर्डात येऊन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सलग काम करतो, तेव्हा त्या कामाला दीर्घ ड्युटी म्हणतात आणि त्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीला पोस्ट-ड्युटी ऑफ म्हणतात. अशा ड्युटीचे वेळापत्रक तीन वेगवेगळ्या मर्यादांत बसवावे लागते : सलग किती तास, त्यानंतर किती विश्रांती आणि आठवड्याला एकूण किती तास. एक मर्यादा पाळल्याने दुसरी आपोआप पाळली जात नाही, आणि नियोजनातल्या बहुतेक चुका येथेच होतात.

अमेरिकेत एसीजीएमई या मान्यता-परिषदेने २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली असून ती चार आठवड्यांच्या सरासरीने मोजली जाते. तेथील सध्याच्या नियमांनुसार सलग काम २४ तासांपर्यंत चालते, हँडओव्हर व शिक्षणासाठी आणखी ४ तास मिळतात, आणि सरासरीने सात दिवसांत एक दिवस पूर्ण मोकळा द्यावा लागतो. युरोपीय संघात मर्यादा सरासरी ४८ तासांची आहे. भारतात केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत साधारणपणे ४८ तासांचा आठवडा, सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी असे म्हटले आहे, परंतु कामाच्या गरजेनुसार सवलत ठेवल्याने त्या आकड्यांना बंधनाचे बळ राहिलेले नाही.

चार निवासींचे एक युनिट घेऊ. दर चौथ्या दिवशी एकाची ड्युटी सकाळी ८ ला सुरू होते, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला संपते आणि हँडओव्हर उरकून तो १० वाजता निघतो, म्हणजे २६ तास भरतात. उरलेले दोन दिवस सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असे ९ तासांचे नेहमीचे काम असते. २८ दिवसांत प्रत्येकाच्या वाट्याला ७ ड्युट्यांचे १८२ तास आणि १४ साध्या दिवसांचे १२६ तास येतात, म्हणजे आठवड्याला सरासरी ७७ तास. ८० च्या आत बसलेला हा आकडा पाहून अनेक युनिटे वेळापत्रक येथेच थांबवतात, पण यात साप्ताहिक सुट्टी कुठेच नाही. पोस्ट-ड्युटी ऑफ म्हणजेच सुट्टी, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात सकाळी १० ते दुसऱ्या सकाळी ८ हे २२ तासच होतात, आणि त्यातला मोठा भाग हुकलेली झोप भरून काढण्यात जातो. ही विश्रांती कामाची भरपाई आहे. तिला सुट्टीच्या खात्यात घालणे चूक आहे. साध्या दिवसांतून चार खऱ्या सुट्ट्या वेगळ्या काढल्या, तर सरासरी ६८ तासांवर येते. मात्र महिन्यातले १६ दिवस दिवसपाळीला ड्युटीवरच्या निवासीखेरीज एकच जण उरतो, याची तरतूद आधीच करावी लागते.

दुसरी चूक जास्त लपून राहते. बाह्यरुग्ण विभागात माणूस कमी आहे म्हणून ड्युटी संपलेल्या निवासीला संध्याकाळी ४ पर्यंत थांबवले, तर ड्युटी ३२ तासांची होते. दर वेळी असे घडले तरी सुट्ट्या दिलेल्या वेळापत्रकाची सरासरी ७८.५ च भरते. साप्ताहिक बेरीज निर्दोष दिसते आणि सलग २८ तासांची मर्यादा मात्र प्रत्येक ड्युटीला मोडलेली असते. म्हणून तपासणी वेळापत्रकाच्या कागदावर करून भागत नाही. पोस्ट-ड्युटीच्या तारखेला दुपारनंतर केसपेपरवर त्याच निवासीची सही आहे का, शस्त्रक्रियेच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे पाहावे.

चौघांपैकी एक परीक्षेला किंवा आजारपणात गेला की उरलेल्या तिघांपैकी एकाला २८ दिवसांत १० ड्युट्या येतात. त्याला सुट्ट्या दिल्या तर सरासरी ७४ राहते. पण तिसरा माणूस सुट्टीवर गेला की ड्युटीवरचा निवासी दिवसाही एकटाच उरतो, त्यामुळे सुट्ट्याच रद्द होतात आणि सरासरी ८३ वर जाते. चौघांचे वेळापत्रक बसवण्यासाठी पाच माणसे मोजावी लागतात ती यामुळे.

४८ तासांची मर्यादा मात्र या साच्यात बसत नाही. सात निवासी असून आठवड्याला एकच दीर्घ ड्युटी, एक ऑफ, एक सुट्टी आणि चार साधे दिवस धरले तरी २६ आणि ३६ मिळून ६२ तास होतात. तेथे दीर्घ ड्युटी सोडून १२ तासांच्या चार पाळ्यांकडे जावे लागते, आणि त्याबरोबर हँडओव्हरची संख्या वाढते. रुग्णाची माहिती दर १२ तासांनी नव्या हातात जात असल्याने हँडओव्हरची वेळ पाळीच्या आत, लेखी नोंदीसह आणि कामाचे तास म्हणूनच धरावी लागते. रुग्णालयात हजर राहून झोपलेला वेळही कामाचाच मानायचा, हे युरोपीय न्यायालयाने २००० आणि २००३ च्या निकालांत स्पष्ट केले आहे. त्यामुळे रात्र शांत गेली म्हणून तिचे तास वजा करता येत नाहीत.