आटलेला कुर्ता आणि आटलेला स्वेटर: पाण्याने काय परत येते, काय येत नाही

मनालीच्या सहलीची तयारी करताना बोरिवलीच्या माझ्या भाचीने हातमागाचा एक सुती कुर्ता आणि शुद्ध लोकरीचा एक स्वेटर एकाच वेळी मशीनमध्ये घातला आणि पाणी ६० अंशांवर ठेवले. बाहेर आले तेव्हा दोन्ही कपडे आटलेले होते. कुर्त्याची उंची १०४ सेंटिमीटरवरून ९८ वर आली होती आणि स्वेटरची ६२ वरून ५१ वर. माझी सारी नोकरी लोअर परळच्या एका गिरणीत, फिनिशिंग खात्यात झाली, हे ठाऊक असल्यामुळे तिने लगेच फोन केला: "मामा, दोन्ही कोमट पाण्यात भिजत घातले तर मोकळे होतील ना?"

या प्रश्नात एक घोळ आहे आणि तो बहुतेकांच्या मनात असतो. मोकळे होणे म्हणजे वाढणे, असे आपण गृहीत धरतो. सुती कापडाच्या बाबतीत मात्र मोकळे होणे म्हणजेच आटणे. कुर्ता पाण्यात मोकळा झाला होता म्हणूनच तो सहा सेंटिमीटरने कमी भरला. स्वेटरचे दुखणे निराळ्याच जातीचे होते. आटणे हा एकच शब्द आपण दोन्हींना वापरतो, त्यामुळे उपायही एकच असेल असे वाटते.

आधी सुताचे पाहू. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ओढून धरलेला असतो. तसा तो धरला नाही तर विणताच येणार नाही. गिरणीत पुढे धुलाई, रंगाई आणि वाळवणी होते तेव्हाही कापड मैलोगणती लांब पट्ट्यासारखे रुळांवरून ओढले जाते, आणि स्टेंटर नावाच्या यंत्रावर त्याच्या दोन्ही कडा चिमट्यांत धरून, रुंदीत ताणून, गरम हवेत वाळवले जाते. ताणलेल्या अवस्थेत वाळले की कापड तसेच राहते, कारण सुताच्या तंतूतील सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हे बंध कोरडे असताना घट्ट असतात, परंतु पाणी मध्ये शिरले की सुटतात. दुकानातून आणलेले कोरे कापड म्हणजे अशा प्रकारे थिजवून ठेवलेला ताण असतो, आणि पहिल्याच धुण्यात तो निघून जातो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. सुताचा तंतू भिजला की जाडीत बराच फुगतो, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. कापडात प्रत्येक धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून नागमोडी जात असतो. ज्या धाग्यांना वळसा घालायचा ते जाड झाले की वळसा मोठा होतो, आणि वळसा घालणाऱ्या धाग्याची लांबी तर तेवढीच असते. म्हणून धागे एकमेकांजवळ सरकतात आणि कापड आखूड होते. वाळल्यावर तंतू पुन्हा बारीक होतात, पण जवळ सरकलेले धागे आपणहून लांब जात नाहीत. ताण मुख्यतः उभ्या धाग्यांवर असतो, त्यामुळे कुर्ता उंचीत अधिक आटतो आणि छातीत कमी. हे सगळे थंड पाण्यातही घडते. गरम पाण्याने आणि मशीनच्या घुसळणीने ते लवकर आणि पुरतेपणी घडते, इतकेच. शिंपी अस्तराचे कापड आणि साडीचा फॉल आधी भिजवून आणायला सांगतात ते यासाठीच: जे आटायचे आहे ते कात्री लागण्यापूर्वी आटावे. गिरणीत हेच काम सॅनफोरायझिंगने होते. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेत ओलसर कापड जाड रबरी पट्ट्याच्या आधारे लांबीत दाबून आधीच आखूड केले जाते. हातमागाच्या कापडाला सहसा हा संस्कार झालेला नसतो.

आता कुर्ता परत कसा येतो ते पाहा. भाचीला मी सांगितले की कुर्ता पुन्हा भिजव, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घे आणि ओलसर असतानाच टेबलावर पसरून, खांद्यापासून घेराकडे, हाताने थोडा थोडा ओढत इस्त्री कर. पूर्ण कोरडा होईपर्यंत उचलू नकोस. तिने तसे केले आणि उंची १०२ भरली. ती खूश झाली, पण यात पाण्याने काहीही वाढवले नव्हते. पाण्याने फक्त बंध सोडवले, वाढवण्याचे काम तिच्या हाताने केले आणि इस्त्रीने नवे बंध त्या ताणलेल्या जागी बसवले. गिरणीत स्टेंटर जे करतो तेच तिने घरी केले. म्हणूनच पुढच्या धुण्यानंतर, दोरीवर नुसता वाळवल्यावर, तोच कुर्ता ९८.५ झाला. ९८ ही त्या कुर्त्याची खरी उंची होती. १०४ ही उसनी होती.

अंगावर घातलेले सुती कपडे आपोआप सैल होतात तेही याच कारणाने. धुतलेली जीन्स सकाळी चर्चगेटची लोकल पकडताना मांडीला घट्ट बसते आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्यात फुगते, कारण दिवसभराच्या उठण्या-बसण्याचा ताण आणि घामाचा ओलावा तिला पुन्हा ओढतात. मुंबईच्या पावसाळ्यात यात एक उपद्व्याप होतो: ओढून ठेवलेले कापड हाताला वाळलेले लागते पण आत दमट असते, बंध पुरते बसलेले नसतात, आणि घडी घालून कपाटात ठेवलेला कुर्ता दोन दिवसांत काही सेंटिमीटर सोडून देतो. जुलै महिन्यात हे काम पंख्याखाली आणि शेवटी इस्त्री फिरवूनच करावे.

स्वेटरकडे वळताना लोकरीचा तंतू जवळून पाहिला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले दिसतात आणि त्यांच्या कडा सगळ्या टोकाच्या दिशेने असतात. त्यामुळे असा तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो आणि उलट दिशेने अडतो. पावसाळा संपताना गडावर जाऊन आलेल्या कोणालाही ही चाल ठाऊक असते: गवताचे कुसळ मोज्यात शिरले की प्रत्येक पावलागणिक आतच जाते, मागे कधी येत नाही. गरम, साबणाच्या पाण्यात स्वेटर घुसळला जातो तेव्हा हजारो तंतू असेच एकेका दिशेने चालू लागतात, एकमेकांत शिरतात आणि प्रत्येक हिसक्यासरशी गाठ अधिक आवळत जाते. याला नमदा होणे म्हणतात. काश्मिरी नमदे मुद्दाम, पाणी, साबण आणि दाब वापरून, याच गुणावर तयार करतात. सुताला खवले नसतात, म्हणून सुताचा नमदा होत नाही.

म्हणजे कुर्त्यात धागे जवळ आले होते, तर स्वेटरमध्ये तंतू एकमेकांत अडकले होते. पहिल्यात पाणी शिरले की धागे सरकायला मोकळे होतात. दुसऱ्यात पाणी गाठ सोडवत नाही. त्यात पुन्हा घुसळले तर उलट वाढवते.

दोन्हींतला फरक भिजवण्यापूर्वीच ओळखता येतो. स्वेटर खिडकीसमोर उजेडात धरावा. टाके वेगवेगळे दिसत असतील, दोन्ही हातांनी ओढल्यावर फटी उघडत असतील, तर तो केवळ आखडलेला आहे आणि सपाट पसरून आकार दिला की बहुतांश परत येईल. थंड पाण्यात हाताने धुतलेला, पण दोरीवर वेडावाकडा वाळलेला स्वेटर सहसा या वर्गातला असतो. टाके पुसट झाले असतील, कापड जाड आणि ब्लँकेटसारखे लागत असेल, ओढल्यावर ते रबरासारखे न ताणता पुठ्ठ्यासारखे अडत असेल, तर नमदा झालेला आहे. भाचीने व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा पाठीवर एकही टाका मोजता येत नव्हता. बाह्यांच्या कडांवर मात्र अजून टाके दिसत होते.

अशा स्वेटरसाठी केसांच्या कंडिशनरचा उपाय सांगितला जातो, आणि तो अगदीच भाकड नाही. लोकर आणि केस दोन्ही केराटिनचे असतात. कंडिशनरमधील धनभारित रेणू खवल्यांवर चिकटून त्यांना गुळगुळीत करतात आणि तंतूंमधील घर्षण कमी होते. घर्षण कमी झाले की ज्या गाठी अजून पुरत्या आवळलेल्या नाहीत त्या ओढल्यावर काही अंशी सरकतात. व्हिनेगर या कामी उपयोगाचे नाही. त्याने आवळलेली गाठ सुटत नाही. पाच लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे कंडिशनर घालून तिने स्वेटर अर्धा तास न हलवता ठेवला, दाबून पाणी काढले, टॉवेलवर पसरला आणि मधून कडांकडे, मिनिटामिनिटाला थोडा थोडा ओढत नेला; मग कडांना गंज न चढणाऱ्या पिना लावून सावलीत पंख्याखाली दीड दिवस ठेवला. ओला स्वेटर टांगायचा नाही, कारण पाण्याच्या वजनाने तो खांद्यात लोंबतो आणि पाठ आहे तेवढीच राहते.

उंची ५१ वरून ५५ झाली. नंतर थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन, न ओढता वाळवल्यावर ती ५३ राहिली. या दोन आकड्यांत सगळा हिशेब आहे. जे दोन सेंटिमीटर गेले ते कुर्त्यासारखेच उसने होते, म्हणजे ओल्या लोकरीला ताणून, कोरडे करून बसवलेला तात्पुरता आकार. जे दोन टिकले ते खरोखर सुटलेल्या सैल गाठींचे होते. बाह्या पाठीपेक्षा अधिक वाढल्या, कारण तिथे नमदा कमी होता. परिणामी स्वेटर आता थोडा बेढबही झाला. उरलेले नऊ सेंटिमीटर भिजवून परत येणार नाहीत. वाफेने आणि जोराने ओढले तर तंतूच तुटतील आणि कापड पातळ पडेल.

आपणहून पूर्ण परत येणारा बदल लोकरीत एकच, आणि त्याला धुण्याची गरजच नसते. लोकर हवेतली वाफ पुष्कळ शोषते. मुंबईच्या दमट हवेत लोकरीची विणलेली पँट किंचित वाढते, एसी कार्यालयात बसले की किंचित आखडते, आणि शिवणीवर सुरकुत्या येतात-जातात. लोक त्यालाही आटणे म्हणतात आणि उगाच इस्त्रीवाल्याला दोष देतात.

कुर्त्याला शेवटी तिच्या शिंप्याने खालची पाच सेंटिमीटरची दुमड उसवून, आतून पट्टी लावून, पुन्हा १०२ ला आणले. दुमडीतला भाग त्याच मशीनमध्ये आटलेला असल्यामुळे पुढच्या धुण्यात ती उंची हलली नाही. स्वेटर तिच्या सात वर्षांच्या मुलीने मनालीत घातला. त्याच्या बाह्या कात्रीने कापून लहान केल्या होत्या. नमदा झालेली लोकर उसवत नाही, म्हणून कडांना टाकाही घालावा लागला नाही.