मेगाहर्ट्झ आणि मीटर: स्टेशन एकच, आकडे दोन

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या काचेवर बघा, बऱ्याच सेट्सवर एकाच काट्याखाली दोन पट्ट्या असतात, एक किलोहर्ट्झची नि एक मीटरची, आणि काटा सरकवला की एका पट्टीवरचा आकडा वाढतो तेव्हा दुसरीवरचा कमी होतो. लहानपणी मला वाटायचं छापताना उलटं झालंय. तसं नाहीये, दोन्ही बरोबरच आहेत.

मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदात किती लाटा निघतात ते. ९८.३ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९ कोटी ८३ लाख. आणि मीटर म्हणजे त्यातली एक लाट किती लांब. सगळ्या रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने पळतात, सेकंदाला साधारण ३० कोटी मीटर, आता तेवढ्याच अंतरात जास्त लाटा बसवायच्या तर प्रत्येक लाट आखूड होणारच ना. म्हणून हिशोब इतकाच:

मीटर = ३०० ÷ मेगाहर्ट्झ

९८.३ साठी ३०० ÷ ९८.३ = ३.०५ मीटर. वेगाचा अचूक आकडा २९९.७९२ घेतला तर उत्तरात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे ३०० बिनधास्त वापरा. एफएमसाठी उभी तार लावायची असेल तर ती लाटेच्या पावपट, म्हणजे इथे ७६ सेंटिमीटर, प्रत्यक्षात थोडी कमी ठेवतात. हे सोडवायला मीटरच लागतात, मेगाहर्ट्झ बघून कात्री कुठे लावायची ते कळत नाही.

गडबड होते ती मीडियम वेव्हला. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, आणि लोक सरळ ३०० ÷ ७९२ करतात, उत्तर येतं ०.३८ मीटर, म्हणजे लाट हातभरसुद्धा नाही! किलोहर्ट्झला आधी हजाराने भागायचं, ०.७९२ मेगाहर्ट्झ, मग ३०० ÷ ०.७९२ = साधारण ३७९ मीटर. चुकलं की नाही ते लगेच कळतं, कारण मीडियम वेव्हची लाट नेहमी शेकड्यांत असते, अंदाजे १८७ ते ५६५ मीटर, आणि एफएमची तीन मीटरच्या आसपास. उत्तर या घरात बसलं नाही तर हजाराची गडबड झालीये असंच समजा.

अजून एक, शॉर्टवेव्हवाले '४१ मीटर बँड' म्हणतात ना, त्यावरून स्टेशनचा आकडा काढायला जाऊ नका. ते पट्ट्याचं नाव आहे, एका स्टेशनची लांबी नाही. ३०० ÷ ४१ केलं तर ७.३२ मेगाहर्ट्झ येतं, पण हा बँड साधारण ७.२ ते ७.४५ पर्यंत पसरलाय, म्हणजे खरी लांबी ४१.७ पासून ४०.३ मीटरपर्यंत काहीही असू शकते. स्टेशन लावायचं तर तिथे किलोहर्ट्झचाच आकडा हवा.