रेषांमधलं अंतर B नव्हे, 2B

"घूर्णन वर्णपटात शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजेच B ना?"

नाही, ते 2B असतं; B हा रेणूचा घूर्णन स्थिरांक. J ही 0, 1, 2, 3 अशी वाढणारी घूर्णन पुंजसंख्या; ऊर्जापातळ्या BJ(J+1) या सूत्राने येतात: 0, 2B, 6B, 12B. रेणूला एका वेळी एकच पायरी चढता येते, म्हणून रेषा 2B, 4B, 6B वर पडतात. B वर रेषाच नसते.

कार्बन मोनॉक्साइड घ्या. पहिल्या दोन रेषा 115.271 आणि 230.538 गिगाहर्ट्झवर आहेत. अंतर 115.267, म्हणून B सुमारे 57.63 गिगाहर्ट्झ. जडत्व आघूर्णाच्या I = h/(8π²B) या सूत्रात B हर्ट्झमध्येच घालायचा; त्यातून I = 1.456×10⁻⁴⁶ किग्रॅ·मी² मिळतं. कार्बन-12 व ऑक्सिजन-16 यांचं समानीत वस्तुमान 1.1385×10⁻²⁶ किलोग्रॅम. I ला या वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढलं की बंधलांबी 113.1 पिकोमीटर येते.

अंतरालाच B मानलं तर उत्तर √2 पटीने घटून 80 पिकोमीटर येतं. आकडा अशक्य वाटत नाही, हीच खरी पंचाईत.

अंतर तंतोतंत सारखं राहतं, हाही गैरसमजच. तिसरी रेषा 345.796 वर आहे, म्हणजे पुढचं अंतर 115.258. वेगाने फिरताना बंध किंचित ताणला जातो, म्हणून वरच्या रेषा जवळ सरकतात. शक्यतो खालच्याच रेषा वापरा. शिवाय 113.1 ही सर्वात खालच्या कंपनपातळीतली सरासरी आहे. समतोल लांबी थोडी कमी, 112.8 पिकोमीटर.