माशीच्या पांढऱ्या डोळ्यांपासून रंगांधळ्या मुलापर्यंत

खानापुरात पीयूसीच्या मुलांना मी संध्याकाळी जीवशास्त्र शिकवतो. यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. ‘गुणसूत्र’ हा शब्द त्यांच्या तोंडात बसलेला असतो आणि अकरावीत अचानक सगळं इंग्रजीत येतं. मग गुणसूत्रं कमी-जास्त झाल्यावर होणाऱ्या सिंड्रोमची नावं, 47,+21 म्हणजे डाऊन, +18 म्हणजे एडवर्ड्स, +13 म्हणजे पटाऊ, 45,X म्हणजे टर्नर आणि 47,XXY म्हणजे क्लाइनफेल्टर एवढं पाठ करून ती मोकळी होतात. जोड्या लावायच्या प्रश्नाला तेवढं पुरतं. अडतं ते पुढच्या प्रश्नाला.

तो प्रश्न असा. आई-वडील दोघांचीही रंगदृष्टी चांगली आहे, मुलाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा संच, 47,XXY आहे आणि मुलगा लाल-हिरव्या रंगांना आंधळा आहे. गुणसूत्रं वेगळी न होण्याची चूक, म्हणजे नॉनडिस्जंक्शन, कोणाच्या शरीरात झाली आणि अंडी-शुक्राणू तयार करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनाच्या दोन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात?

या प्रश्नाचं मूळ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या फळमाश्यांच्या बाटल्यांत आहे. तिथे जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांचा विद्यार्थी कॅल्विन ब्रिजेस पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर यांचा संकर करत होता. डोळ्याच्या रंगाचं जनुक एक्स या लिंगगुणसूत्रावर असतं आणि लाल रंग प्रभावी असतो. त्यामुळे मुली बापाचा एक्स घेऊन लाल डोळ्यांच्या आणि मुलगे आईचा एक्स घेऊन पांढऱ्या डोळ्यांचे व्हायला हवेत. बहुतेक तसेच होत. पण साधारण दोन हजारांत एखादी माशी उलटी निघे: मुलगी पांढऱ्या डोळ्यांची, नाहीतर मुलगा लाल डोळ्यांचा. दुसऱ्या कोणी ती माशी बाटलीतली भेसळ समजून फेकून दिली असती. ब्रिजेसने तर्क केला की आईचे दोन्ही एक्स वेगळे न होता एकाच अंड्यात गेले असावेत. तसं असेल तर पांढऱ्या डोळ्यांची मुलगी XXY असली पाहिजे आणि लाल डोळ्यांच्या मुलाकडे बापाचा एकच एक्स असला पाहिजे. मग त्याने अशा माद्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत दोन एक्स आणि एक वाय सापडला. हे काम 1916 साली छापून आलं. जनुकं गुणसूत्रांवरच असतात याचा तो पक्का पुरावा ठरला.

माशीत XXY मादी असते आणि एकटा एक्स असलेला नर असतो, पण वंध्य. माणसातही तसंच असेल असं पुढे बरीच वर्षं धरलं गेलं. टर्नर यांनी 1938 मध्ये आणि क्लाइनफेल्टर यांनी 1942 मध्ये आपापले रुग्ण वर्णन केले, तेव्हा गुणसूत्रांचा विषयच नव्हता. माणसाची गुणसूत्रं 48 आहेत असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. ती 46 आहेत हे त्जिओ आणि लेव्हान यांनी 1956 मध्ये दाखवलं.

रंगांधळेपणा गोष्टीत शिरतो तो इथेच. त्याचं जनुकही एक्सवरच असतं आणि एका एक्सवर चांगली प्रत असली तरी रंग दिसतात. लंडनमध्ये पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्नरच्या 25 मुलींची रंगदृष्टी तपासली. त्यांतल्या 4 रंगांधळ्या निघाल्या. युरोपीय पुरुषांत हे प्रमाण शंभरात आठाच्या आसपास असतं, बायकांत शंभरात एकही नाही. म्हणजे या मुली पुरुषांसारख्या एकाच एक्सवर चालत होत्या. गुणसूत्रं न मोजता, नुसते रंगीत ठिपके वाचायला लावून हे कळलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पोलानी ज्यांच्यासोबत होते त्या फोर्ड यांच्या गटाने 1959 मध्ये अशाच एका 14 वर्षांच्या मुलीत प्रत्यक्ष 45 गुणसूत्रं मोजली. त्याच वर्षी जेकब्स आणि स्ट्राँग यांनी क्लाइनफेल्टरच्या पुरुषात 47,XXY पाहिलं. माशीचा नियम माणसाला लागू नाही हे तेव्हा ठरलं. वाय असला की कितीही एक्स असोत, बाळ मुलगा.

आता आपला प्रश्न सोडवू. मी वर्गात चिंचोके वापरतो. एका बाजूने घासून पांढरा केलेला चिंचोका म्हणजे रंगांधळेपणाचं जनुक असलेलं अर्धगुणसूत्र, न घासलेला म्हणजे चांगलं. विभाजनाच्या आधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते, म्हणून दोन पांढरे एका दोऱ्यात आणि दोन तपकिरी दुसऱ्या दोऱ्यात बांधायचे. ही झाली वाहक आई. वडिलांची दृष्टी चांगली, म्हणून त्यांचा एक्स तपकिरी.

चूक वडिलांची असती तर मुलाला त्यांच्याकडून एक्स आणि वाय दोन्ही मिळाले असते. त्यात एक तपकिरी चिंचोका आला असता आणि मुलाला रंग दिसले असते. म्हणजे वडील सुटले. आता आई: पहिल्या विभाजनात दोन दोरे वेगळे होतात, दुसऱ्यात प्रत्येक दोरा सुटतो. आईच्या पहिल्या विभाजनात चूक झाली असती तर दोन्ही दोरे एकाच बाजूला गेले असते. पुढे प्रत्येक दोरा सुटून अंड्यात एक पांढरा आणि एक तपकिरी आला असता. तेव्हाही रंग दिसलेच असते. उरतं दुसरं विभाजन. दोरे नीट वेगळे झाले, पण पांढऱ्या जोडीचा दोरा सुटलाच नाही आणि दोन्ही पांढरे एका अंड्यात गेले. उत्तर: आई, दुसरं विभाजन.

टर्नरचा प्रश्न त्यामानाने सरळ. मुलगी 45,X आणि रंगांधळी, आई-वडिलांची दृष्टी चांगली. तिचा एकुलता एक्स आईचा आहे, म्हणजे वडिलांकडून लिंगगुणसूत्र आलंच नाही. पण टप्पा विचारला तर उत्तर देऊ नका. रिकामा शुक्राणू दोन्ही विभाजनांच्या चुकीतून तयार होऊ शकतो आणि पुष्कळदा गुणसूत्र गर्भधारणेनंतरही गळतं.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने दोरे हातात घेऊन विचारलं, “सर, पण आधी क्रॉसिंग ओव्हर होतं ना? मग एका दोऱ्यात दोन्ही पांढरेच कसे राहतील?” तिने एक पांढरा आणि एक तपकिरी अदलाबदल करून दाखवला. आता प्रत्येक दोऱ्यात एक पांढरा, एक तपकिरी. पहिल्या विभाजनात दोन्ही दोरे एकत्र गेले आणि दुसऱ्यात सुटले, तर अंड्यात दोन पांढरे येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे पहिल्या विभाजनाच्या चुकीतूनही रंगांधळा XXY मुलगा होऊ शकतो.

तिचं म्हणणं बरोबर आहे. लाल-हिरव्या रंगांची जनुकं एक्सच्या लांब भुजेच्या अगदी टोकाला, Xq28 या जागी असतात, गुणसूत्रबिंदूपासून फार लांब. एवढ्या अंतरात अदलाबदल सहज होते. म्हणून प्रयोगशाळेत टप्पा ठरवताना गुणसूत्रबिंदूच्या अगदी जवळच्या डीएनए खुणा बघतात, कारण तिथे अदलाबदल क्वचित होते. त्या खुणा वेगवेगळ्या निघाल्या तर चूक पहिल्या विभाजनात, सारख्याच निघाल्या तर दुसऱ्या विभाजनात किंवा त्यानंतर झालेली. परीक्षेत मात्र अदलाबदल नाही असं धरूनच प्रश्न काढलेला असतो. तिने वहीत उत्तराखाली एक ओळ जोडली, ‘क्रॉसिंग ओव्हर झालं नाही असं गृहीत धरून’. आता मी ती ओळ सगळ्यांना लिहायला लावतो.