घर, बाहेर आणि ‘ब्रेक’: लीगच्या वेळापत्रकामागची गोष्ट

1888 मध्ये इंग्लंडमधल्या 12 फुटबॉल क्लबांनी लीग सुरू केली. प्रत्येकाने उरलेल्या 11 क्लबांशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळायचं, म्हणजे 22 सामने. घरचे 11, बाहेरचे 11, हिशेब चोख. त्याआधी क्लबांचे सचिव पत्रं पाठवून एकेक सामना ठरवत. कोण कोणाशी खेळणार हे ठरवणारी वर्तुळपद्धत (एक संघ जागेवर, बाकीचे फिरते) एकोणिसाव्या शतकातलीच.

वेळापत्रकावरून होणारा वाद बेरजेचा नाहीच, क्रमाचा आहे. आणि त्याला चिकटलेला शब्द आहे ‘ब्रेक’. लीगच्या सभेत तो उच्चारला की निम्म्या लोकांना सुट्टी वाटते. अर्थ वेगळा: लागोपाठ दोन सामने घरी किंवा दोन बाहेर, म्हणजे घर-बाहेर ही आलटापालट मोडली.

1980 च्या सुमारास गणितात दाखवलं गेलं की एकेरी साखळीत, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच खेळताना, संघ सम असतील तर सगळ्यांचे मिळून ब्रेक किमान ‘संघसंख्या वजा दोन’ असतातच. कारण सोपं आहे. घर-बाहेर सामन्यांच्या ब्रेक नसलेल्या रांगा दोनच: घरापासून सुरू होणारी आणि बाहेरून सुरू होणारी. दोन संघांची रांग तंतोतंत सारखी असेल, तर ते एकमेकांशी खेळणार कधी? दोघे कायम एकाच वेळी घरी. म्हणून बिनब्रेकचे संघ जास्तीत जास्त दोन. तेव्हा ‘आम्हाला एकही ब्रेक नको’ असं प्रत्येक सचिव म्हणाला, तर ते जमणारच नाही.

सहा संघ घेऊ. पहिल्या पाच फेऱ्यांत ‘अ’ची रांग: बाहेर, बाहेर, घर, बाहेर, घर. दुसरी पाळी पहिलीचा आरसा केली, म्हणजे त्याच जोड्या त्याच क्रमाने पण घर-बाहेर उलट, तर सहावी आणि सातवी फेरीही घरीच येते. लागोपाठ तीन! पहिले दोन सामने घरी असलेल्या ‘ब’ला तसेच तीन बाहेर. याच रचनेत इतर दोघांनाही तीन-तीन ब्रेक येतात आणि उरलेल्या दोघांना एकही नाही. एकूण 12.

आता दुसऱ्या पाळीत फेऱ्यांचा क्रम बदला: दोन, तीन, चार, पाच आणि शेवटी एक. एकूण ब्रेक 12च राहतात, पण प्रत्येकाला दोन. सलग तीन कोणालाच नाहीत. मला हाच क्रम न्याय्य वाटतो, पण तोटा सांगायला हवा: दुसऱ्या फेरीतली जोडी चारच फेऱ्यांनी, सहाव्या फेरीत पुन्हा भिडते. शिवाय आधी बिनब्रेक सुटलेले दोन क्लब तक्रार करणार, हे गृहीतच धरा.

कधी वेळापत्रकात सामायिक मैदानाचा प्रश्नही येतो. दोन क्लबांचं मैदान एकच असेल, तर त्यांना उलट रांगा द्याव्या लागतात. वरच्या सहांत अशा उलट जोड्या तीनच आहेत, त्यामुळे कोणता क्लब ‘अ’, कोणता ‘ब’ हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या काढण्याआधी एकच मैदान असलेले दोन क्लब अशा एका जोडीच्या जागी बसवायचे, मग बाकीच्यांची नावं.