वर्षभर जुगाराची एकही बेट नाही, मग त्या बाकड्यावर हात का थरथरला?

जुगार सोडणाऱ्यांच्या एका सपोर्ट ग्रुपच्या मीटिंगला गेलो होतो, बाहेरच्यांनाही बसता येतं अशी होती. एका माणसाला बेट न लावता वर्ष झालं होतं आणि तो बोलायला उभा राहिला. मला वाटलं आता कर्ज, घरचे, रडणं वगैरे येणार. ते आलंही, पण दोन मिनिटांत उरकलं. मग तो म्हणाला, "मी घर बदललं, नंबर बदलला, अ‍ॅप काढून टाकलं. अकरा महिने साधी आठवणही नाही. गेल्या महिन्यात कामासाठी जुन्या भागात गेलो, बसस्टॉपच्या ज्या बाकड्यावर बसून बेट लावायचो तिथे सहज टेकलो आणि अंगठा आपोआप खिशातल्या फोनवर. तळहाताला घाम. म्हणजे वर्षभर मी केलं काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, मन कच्चं. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी जुगाराची सवय इतकी चिवट का ते बघू. समजा एक मशीन आहे, दर वेळी बटण दाबलं की बक्षीस देतं. ते बिघडलं तर तीनचार वेळा दाबून तुम्ही सोडून द्याल, कारण बिघाड लगेच कळतो. आता दुसरं मशीन घ्या, सरासरी दहातून एकदा देणारं, पण कधी देईल ते नक्की नाही. हे नीट चालू असतानाही सलग वीस वेळा काहीच न मिळण्याची शक्यता काढायची तर एका वेळी न मिळण्याची शक्यता ०.९, ती वीस वेळा घेऊन एकमेकांशी गुणायची, उत्तर येतं साधारण १२ टक्के. म्हणजे वीस वेळा हात हलवत परत आलात तरी "बंद पडलं" की "अजून लागलं नाही" हे मेंदूला ठरवताच येत नाही, मग तो दाबत राहतो. हे स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर वगैरे प्रयोग करून १९५७ च्या पुस्तकात सविस्तर मांडलंय. (आणि "एवढ्या वेळा हरलो, आता लागणारच" हे गणित नाही, शुद्ध अंधश्रद्धा आहे, मशीनला मागचं काही आठवत नसतं.)

आता बाकड्याकडे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची हालचाल मोजली. सुरुवातीला ज्यूस तोंडात पडला की पेशी उसळायच्या. पण ज्यूसच्या आधी दर वेळी दिवा लागायला लागल्यावर उसळी दिव्याकडे सरकली, ज्यूस आला तरी पेशी आपल्या नेहमीच्याच गतीने चालू. दिवा लागूनही ज्यूस आला नाही तर पेशी थंडावायच्या. म्हणजे ही उसळी निव्वळ मजेची नसून "अंदाजापेक्षा चांगलं काहीतरी घडलं किंवा घडणार" याची आहे. आपल्या माणसाचा दिवा म्हणजे ते बाकडं. (त्यामुळे चार दिवस फोन बंद ठेवून "डोपामिन डिटॉक्स" होतो म्हणणाऱ्यांचं हसू येतं, दिवा तर तिथेच असतो.)

पण दिवा लागतोय आणि ज्यूस येतच नाही असं बऱ्याच वेळा झालं तर? माकड वाट बघणं सोडतं, याला विलोपन म्हणतात. गंमत अशी की जुनी शिकवण यात पुसली जात नाही, तिच्यावर "इथे आता काही मिळत नाही" अशी नवी शिकवण चढते आणि ती त्या जागेला चिकटलेली असते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या उंदरांवरच्या कामातून हे छान दिसतं. एका पेटीत सवय लावली, दुसऱ्या पेटीत मोडली, पहिल्या पेटीत परत ठेवलं की सवय हजर.

आपल्या माणसाचं तर विलोपनही झालं नव्हतं हो! तो बाकड्यापासून लांब होता, म्हणजे "बाकडं दिसलं, बेट लावली नाही, काहीच झालं नाही" हा धडा त्याच्या मेंदूने एकदाही गिरवला नव्हता. लांब राहणं चुकीचं होतं असं नाही, सुरुवातीला तेच लागतं, कारण मोडलेली सवयही एका जिंकण्याने परत उठू शकते. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचाराच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, बारा महिने किंवा जास्त काळ एकही लक्षण नसेल तर त्याला टिकून राहिलेली सुधारणा म्हणतात. त्यात मोजतात ती लक्षणं, आतली जुनी जोडणी नाही.

चहाच्या वेळी त्याला हे सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं बहुतेक, उंदरांपर्यंत येईस्तोवर तो बिस्किटाकडे बघायला लागला होता. मग म्हणाला, "म्हणजे तिथे जाऊन नुसतं बसायचं?" म्हटलं एकट्याने नको, समुपदेशकाशी बोलून, कोणाला तरी बरोबर घेऊन, फोन त्याच्याकडे देऊन. आणि एकाच बाकड्यावर नाही, जिथे जिथे लावायचास तिथे सगळीकडे.

त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. ऑफिसचा जिना, पार्किंग, बाथरूम... दुसऱ्या हातावर गेला आणि थांबला.